नव्या प्रणालीत एनपीएसची सूट गेली म्हणे

«नवीन टॅक्स प्रणालीत एनपीएसची सूट संपली. कंपनी भरते ते पैसेपण दीड लाखातच मोजतात. शिवाय ते आपल्याच पगारातून कापतात, मग फायदा कोणाचा? सूट पाहिजेच असेल तर जुलैत रिटर्न भरायच्या आधी मोबाईलवरून 50 हजार टाका, झालं काम.»

लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं पगाराचं काम केलं, तेव्हा असल्या मेसेजची सवय आहे. पण गेल्या आठवड्यात चिपळूणहून मावसभाऊ स्वतःची पगाराची स्लिप घेऊन घरी आला आणि म्हणाला, «दादा, ह्यातलं खरं किती ते सांग, मग एचआरशी बोलतो.» त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो. आकडे आणि कलमं आर्थिक वर्ष 2025-26 ची आहेत.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यातूनच होतो. तुम्ही स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरता त्याची वजावट 80CCD(1) आणि 80CCD(1B) खाली मिळते. दुसरं कलम म्हणजे ते प्रसिद्ध जादा 50 हजार. ही दोन्ही फक्त जुन्या प्रणालीत चालतात, नव्यात एक रुपयाही नाही. मालक तुमच्या खात्यात भरतो त्याचं कलम मात्र वेगळं आहे: 80CCD(2). ते दोन्ही प्रणालींत चालू आहे. उलट जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात खासगी नोकरदारांसाठी नव्या प्रणालीतली त्याची मर्यादा 10 टक्क्यांवरून 14 टक्के झाली. जुन्या प्रणालीत खासगी नोकरीला अजून 10 टक्केच आहेत. म्हणजे ह्या एका बाबतीत नवी प्रणाली जास्त उदार आहे, आणि मेसेज नेमका उलटं सांगतो.

दीड लाखाचं म्हणाल तर ती मर्यादा पीएफ, विमा, मुलांची फी ह्यांची, आणि त्यात तुमचं स्वतःचं 80CCD(1) धरतात. मालकाचा हिस्सा त्या टोपलीत पडतच नाही. त्याचं माप आहे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, एवढंच. घरभाडं, स्पेशल अलाउन्स, बोनस, ओव्हरटाइम धरायचं नाही. एक वरची मर्यादा आहे खरी: मालकाने पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या वर भरलं तर वरची रक्कम करपात्र होते. आमच्या भागात ती चिंता फार थोड्यांना.

आता तिसरा आक्षेप. तो चुकीचा नाही, पण त्याचा हिशेब कोणी करत नाही. पैसे सीटीसीतूनच, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातूनच, येतात हे खरं. भावाची स्लिप बघू. वर्षाचा पगार 13,60,000. मूळ पगार महिना 51,000, महागाई भत्ता वेगळा नाही. नव्या प्रणालीत 75,000 प्रमाणित वजावट गेली की उरतात 12,85,000. बारा लाखांपर्यंतची करसवलत ह्याला लागू नाही, कारण तो वर गेला. कर 72,750, त्यावर 4 टक्के सेस, एकूण 75,660. महिन्याला 6,305 कापले जातात.

समजा एप्रिलपासून कंपनीने त्याच्या स्पेशल अलाउन्समधले 7,140 रुपये, म्हणजे मूळ पगाराचे 14 टक्के, एनपीएसमध्ये भरले असते. वर्षाचे 85,680. करपात्र उत्पन्न 11,99,320, म्हणजे बारा लाखांच्या आत. कर शून्य. खात्यात गेले महिना 7,140, वाचला 6,305, आणि हातात येणाऱ्या पगारात फरक फक्त 835 रुपयांचा. भावाने हे तीनदा मोबाईलवर मोजून बघितलं.

पण हा बारा लाखांच्या काठावरचा हिशेब आहे, सगळ्यांना असा लागत नाही. वजावटीआधी ज्याचं करपात्र उत्पन्न 18 लाख आहे त्याचे तेवढ्याच रकमेवर 17,821 वाचतील, म्हणजे वीस टक्के आणि सेस. आणि ज्याचा पगार मुळातच 12,75,000 किंवा कमी आहे त्याचा पगारावरचा कर आधीच शून्य असतो. त्याने निव्वळ कर वाचवायला पैसे अडकवू नयेत. अडकतात म्हणजे खरंच अडकतात: बरीच वर्षं त्यांना सहज हात लावता येत नाही. मोठी रक्कम असेल तर तिच्या एका भागाचं पेन्शन घ्यावंच लागतं, आणि ते पेन्शन येईल तेव्हा त्यावर कर आहे. घराचा हप्ता चालू असेल, आंब्याच्या बागेत खर्च करायचा असेल, तर 835 रुपयांच्या पलीकडचा हा विचार करा. आणि कंपनी स्पेशल अलाउन्सऐवजी मूळ पगार कापू पाहत असेल तर नको म्हणा, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ पगारावर चालतात.

जुलैचा सल्ला सर्वात घातक. वर्ष 31 मार्चला संपतं, त्यानंतर टाकलेले पैसे मागच्या वर्षाला लागत नाहीत. शिवाय मोबाईलवरून स्वतः टाकलेले पैसे हे तुमचेच, ते 80CCD(2) मध्ये दाखवता येत नाहीत, मग कंपनीने नंतर पैसे परत दिले तरीही. रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, पण मालकाचा हिस्सा मागे जाऊन निर्माण करता येत नाही.

हा गोंधळ आमच्याकडे प्रत्यक्ष झाला होता. एका कारखान्याच्या ऑफिसने चार महिने मालकाचा हिस्सा चुकून कर्मचाऱ्याच्या रकान्यात भरला. फॉर्म 16 बरोबर, पगाराची स्लिप बरोबर, एनपीएसचा उतारा मात्र वेगळंच सांगत होता. म्हणून तुमच्या प्रान नंबरचा, म्हणजे एनपीएस खात्याच्या नंबरचा, उतारा वर्षातून दोनदा काढा. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा हे दोन वेगळे रकाने असतात. पैसे टियर एकमध्ये, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात, आणि मालकाच्या रकान्यात दिसले पाहिजेत.

मग फॉर्म 16 चा भाग ब उघडा. नियम असा की मालकाचा हिस्सा आधी पगारात मिळवायचा आणि मग 80CCD(2) मध्ये वजा करायचा. भावाच्या बाबतीत वर 13,60,000 आणि खाली 85,680 दिसायला हवेत. वर 12,74,320 आणि खाली पुन्हा 85,680 दिसले तर वजावट दोनदा झाली आहे, एचआरकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर आयकराची नोटीस तुमच्या नावावर येईल. रक्कम 80CCD(1B) समोर दिसली तर नव्या प्रणालीत ती शून्यच धरली जाईल.

भावाने दुसऱ्या दिवशी एचआरला विचारलं. कंपनीची कॉर्पोरेट एनपीएसला नोंदणीच नव्हती, म्हणजे ती मालक म्हणून भरू शकतच नव्हती. नोंदणी करू म्हणाले, पण पगाराची रचना एप्रिलमध्येच बदलते. त्यामुळे त्याने तो मेसेज डिलीट केला, आणि मार्चमध्ये आठवण करून दे म्हणून मलाच सांगून गेला.