मदरबोर्डचा पोर्ट आणि न येणारे चित्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डच्या पोर्टात लावली, तर चित्र येईलच असे नाही, म्हणून आधी केबल तपासावी, असे मी एका लेखात लिहिले होते. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया : “माझ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड आहे, केबल मदरबोर्डला लावलेली आहे आणि चित्र व्यवस्थित येते. त्यामुळे तुमचे म्हणणे निराधार आहे. आधी रॅम साफ करायला सांगायचे सोडून केबलचे पुराण सांगणे म्हणजे लोकांना मूर्ख समजणे होय. लेखातले छायाचित्रही धूसर आहे.”

महोदय,

छायाचित्र धूसर आहे, हे मान्य, ते बदलतो. मात्र ‘मूर्ख’ हा शब्द माझ्या लेखात कोठेही नाही, तो आपण आणलेला आहे. मडगावात दुसऱ्याच्या दुकानात कॅबिनेट उघडण्यापासून मी या कामाला सुरुवात केली आणि आज फोंड्यात स्वतःचे दुकान चालवतो. या काळात केबल चुकीच्या पोर्टात लावण्याची ही गफलत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही झालेली मी पाहिली आहे, कारण दोन्हीकडचे एचडीएमआय पोर्ट दिसायला सारखेच असतात, केबल दोन्हीत बसते आणि मदरबोर्डचा पोर्ट वर, यूएसबीच्या शेजारी, सहज हाताला लागतो. असे लिहिण्यात कोणाचा अपमान होतो, हे मला अजून समजलेले नाही.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे येतो. मदरबोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला नसतो. त्याची जोडणी थेट प्रोसेसरकडे जाते. प्रोसेसरमध्ये स्वतःचा ग्राफिक्स भाग असेल तरच त्या पोर्टला दाखवण्यासारखे काही मिळते. i5-12400 मध्ये तो भाग आहे, i5-12400F मध्ये तो बंद केलेला आहे. नावाच्या शेवटी असलेल्या एका अक्षराचा हा फरक आहे. दोन्ही प्रोसेसर एकाच बोर्डावर बसतात, म्हणून उत्पादक पोर्ट ठेवतोच, आणि F प्रकारच्या प्रोसेसरसोबत तो शोभेपुरता उरतो.

गेल्या चतुर्थीच्या साफसफाईनंतर एका घरातून असाच संगणक माझ्याकडे आला. टेबल हलवताना सर्व केबली काढल्या होत्या आणि परत लावताना मॉनिटरची केबल वरच्या पोर्टात गेली होती. पंखे फिरत होते, नम लॉकचा दिवा कळ दाबली की लागत-विझत होता, स्पीकरमधून विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येत होता. फक्त मॉनिटरवर “No Signal” होते. बोर्डवरचा व्हीजीएचा इशारा-दिवाही पेटलेला नव्हता, कारण बोर्डाला कार्ड सापडले होते आणि त्याच्या दृष्टीने सारे ठीक होते. प्रोसेसर i5-12400F होता. केबल खाली, कार्डाच्या आडव्या पोर्टात लावताच चित्र आले.

आपल्याकडे चित्र येते, याचा अर्थ एवढाच की आपल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स भाग आहे आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, तो चालू आहे. कित्येक बोर्ड ‘ऑटो’वर असताना कार्ड दिसले की हा भाग स्वतःहून बंद करतात, त्यामुळे तोच प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर मदरबोर्डच्या पोर्टातून काहीच दाखवत नाही. हा भेद मी लेखात लिहिलेला होता. तो परिच्छेद आपण बहुधा वाचला नसावा. शिवाय चित्र येणे आणि ते कार्डातून येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधील “Advanced display” उघडून पाहावे. तेथे “Connected to” या शब्दांपुढे Intel(R) UHD Graphics असे दिसले, तर मॉनिटर कार्डाला जोडलेला नाही. अशा स्थितीत खेळ कधी प्रोसेसरच्या दुबळ्या ग्राफिक्सवरच चालतो, तर कधी कार्ड चित्र तयार करते आणि ते प्रोसेसरकडे पाठवून मग मॉनिटरवर येते, ज्यात थोडा वेग हकनाक खर्ची पडतो. विकत घेतलेले कार्ड असे वापरायचे असल्यास तो आपला प्रश्न. पण त्याच्या आधारावर माझे म्हणणे निराधार ठरवू नये.

रॅमविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिचे संपर्क खराब होतात आणि खोडरबराने पुसून संगणक सुरू होतो, हे मीही रोज पाहतो. पण रॅम बसत नसेल तर विंडोज सुरूच होत नाही. वर सांगितलेला आवाज येतो आहे आणि नम लॉक प्रतिसाद देतो आहे, तर रॅमला हात लावण्याचे प्रयोजन काय?

केबल कार्डाला लावूनही मॉनिटर कोराच राहिला, तर मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडावे. त्यानंतर संगणक बंद करून, भिंतीवरचा स्विचही बंद करून, कार्डाला वीज देणारी सहा किंवा आठ पिनांची केबल पॉवर सप्लायमधून आलेली आहे आणि पूर्ण आत बसलेली आहे, याची खात्री करावी. काही लहान कार्डांना ती लागत नाही. अशा वेळी कार्ड काढून स्लॉटमध्ये खटका बसेपर्यंत परत दाबावे.