बारवीची पायरी आणि रस्त्याची रेषा

«ताई, महापालिकेला द्यायच्या पत्राचा मसुदा पाठवतोय. रस्ता रुंदीकरणात आपली बारव जातेय. शंभर वर्षांहून जुनी वास्तू पाडता येत नाही असा कायदा आहे ना? तुमच्या नॉर्वेत असं काही झालं तर काय करतात तेही दोन ओळींत लिही, पत्रात घालू. सोमवारी द्यायचंय.»

मामेभावाचा हा निरोप आला तेव्हा ओस्लोत बाहेर बर्फ होता आणि मी आमच्याच पालिकेच्या एका रस्त्याचा आराखडा तपासत बसले होते. गेली बरीच वर्षं माझं काम तेच आहे. त्यामुळे मसुदा उघडला तो बहीण म्हणून कमी आणि आराखडे बघणारी म्हणून जास्त. दोन पानांच्या पत्रात «गौरवशाली» हा शब्द तीनदा आलाय. बारव रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर आहे, हे मात्र एकदाही नाही.

आधी कबुली देते. आमचं गाव २०१७ साली पुणे महापालिकेत आलेल्या अकरा गावांपैकी. नऊ मीटरचा तो रस्ता मला तोंडपाठ आहे. एका पावसाळ्यात आईला दवाखान्यात नेणारी रुग्णवाहिका याच रस्त्यावर, बारवीच्या थोडं पुढे, एका ट्रकमागे अडकून पडली होती. रस्ता रुंद होऊ नये असं मी म्हणणार नाही. बारवीत पोहायला शिकलेय, त्यामुळे ती जावी असंही म्हणणार नाही. इकडे बसून दोन्ही बाजूंनी बोलणं सोपं असतं, हेही मला ठाऊक आहे.

शंभर वर्षांचं आधी. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा. शंभर वर्षं ही केंद्राच्या कायद्यातली पात्रता आहे, म्हणजे दारात उभं राहायची परवानगी. वास्तू संरक्षित होते ती सरकारनं अधिसूचना काढल्यावर, आणि त्याआधी लोकांना हरकती घ्यायला दोन महिने द्यावे लागतात. अधिसूचना नसेल तर तीनशे वर्षांची बारवसुद्धा कायद्याच्या लेखी एक जुना खड्डाच. शिवाय केंद्र संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना विचारा, त्या शंभर मीटरनं पुनर्विकास कसा अडकतो ते. आमच्या बारवीला लागून दोन सोसायट्या आहेत. पत्रावर त्यांच्याही सह्या हव्यात आणि पत्रात «केंद्रीय संरक्षण» मागितलंय. हे वाचल्यावर त्या सह्या येतील का?

आता नॉर्वे. इथे १९७८ चा सांस्कृतिक वारसा कायदा आहे आणि १५३७ सालापूर्वीचे अवशेष त्यानं आपोआप संरक्षित होतात. यादीत नाव असो वा नसो. रस्ता त्यावरून जाणार असेल तर आधी उत्खनन करायचं, आणि त्याचा खर्च साधारणपणे रस्ता बांधणाऱ्यावर. हे पत्रात घालायचा मोह होतो. पण आमची बारव लोक पेशवेकाळातली म्हणतात, शिलालेख नाही. उलटून पाहिलं तर ती नॉर्वेत असती तरी १५३७ च्या अलीकडची म्हणून आपोआप काहीच मिळालं नसतं. आणि ओस्लोनं २०२० मध्ये काय केलं? वाय-ब्लोक्का नावाची १९६९ ची सरकारी इमारत, जिच्या भिंतीवर पिकासोच्या रेखाटनावरून केलेली चित्रं होती, ती महिनोन्‌महिने चाललेल्या निदर्शनांनंतरही पाडली. चित्रं कापून वेगळी काढली. तेव्हा माझ्या देशबांधवांनो, «परदेशात असं होत नाही» हे वाक्य पत्रातून काढा. होतं.

इकडून उचलण्यासारखं एकच आहे. अलीकडच्या वास्तू इथं बऱ्याचदा वारसायादीनं नाही, तर नगरनियोजनाच्या नकाशानं वाचतात. नकाशावर त्या जागेभोवती एक पट्टा आखतात आणि त्यात काय चालेल, काय नाही हे आराखड्याचाच भाग म्हणून लिहितात. आपल्याकडेही बारवीचा शत्रू बुलडोझर नाही, नकाशावरची रस्त्याची हद्द दाखवणारी रेषा आहे. रेषा हलवायची दारं आपल्या कायद्यात आहेत. रस्ता विकास आराखड्यातला असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७. त्यात किरकोळ फेरबदलासाठी नोटीस निघते, महिनाभरात हरकती-सूचना येतात, सुनावणी होते आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो. रेषा महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आखलेली असेल तर तिथंही जाहीर नोटीस लागते आणि लेखी हरकती विचारात घ्याव्या लागतात. आपली रेषा कोणत्या कलमाखालची आहे, हे मसुद्यात कुठेच नाही. पत्र कोणत्या टेबलावर जाणार ते त्यावरच ठरतं.

मी भावाला हे कळवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर सगळी मंडळी जमली. अण्णा होते, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. ते मुद्द्यावर आले. «आधी सातबारा बघा. विहीर कुणाच्या गटात आहे? मालकाला मागे हटलेल्या जागेपोटी वाढीव बांधकाम मिळणार असेल तर तो तुमच्या पत्रावर सही कशाला करेल?» या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मालक नाशकात राहतो, फोन उचलत नाही. अण्णांनीच सांगितलं की इंग्रजांच्या पैमाशीच्या गावनकाशात विहिरीची खूण असेल तर तीच जुनेपणाचा कागद, त्याची नक्कल काढा. दगडांवरून वय सांगण्यापेक्षा ते बरं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या. «अहो, बारवीचं पाणी आमच्या टाकीत घेता येईल का? टँकरला महिन्याला किती जातात ते सांगू का?» कुणीतरी विषय बदलला. पण मला वाटतं, त्यांना हसू नये. ज्या बारवीला वापरणारं कुणी आहे, तिच्या बाजूनं सुनावणीला कुणीतरी येतं. पाणी तपासून घ्या म्हटलं, बागेला चालेल बहुधा, पिण्याचं सोडा.

खरी गंमत मोजमापात निघाली. मी भावाला टेप घेऊन पाठवलं. सध्याचा रस्ता नऊ मीटर, प्रस्तावित अठरा. मधली रेषा तीच ठेवून दोन्हीकडे साडेचार-साडेचार मीटर वाढायचं, म्हणजे नवी हद्द मध्यापासून नऊ मीटरवर. बारवीचं तोंड रस्त्याकडे आहे आणि पायऱ्या रस्त्यापासून दूर उतरतात. सर्वांत वरची पायरी सध्याच्या कडेपासून ३.३ मीटरवर, मध्यापासून ७.८ वर. म्हणजे मुख्य विहीर रेषेत येतच नाही! येतात त्या वरच्या चार पायऱ्या, एकूण १.२ मीटर. आता अठरा मीटरमध्ये बारा मीटर गाडीरस्ता आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पदपथ असेल, तर गाडीरस्ता मध्यापासून सहा मीटरवर संपतो. पायरीपर्यंत १.८ मीटर उरतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं पदपथाची किमान मोकळी रुंदी तेवढीच सांगितली आहे. गाड्यांची एकही मार्गिका कमी न करता, बारवीसमोरच्या आठ-दहा मीटरमध्ये पदपथ अरुंद ठेवून आणि पायरीच्या तोंडाशी कठडा लावून काम भागतं.

भाऊ खूश झाला. «म्हणजे वाचली!» मी म्हटलं, थांब.

पदपथाखाली पावसाळी गटार जातं. १.८ मीटरच्या पट्टीत जेसीबीनं दीड मीटर खोल चर खणला, तर त्याची कड पायरीपासून हातभरावर येईल. जुनी चिरेबंदी चुन्यात बसवलेली आहे आणि मागच्या मातीच्या आधारानं उभी आहे. आधार काढला की भिंत हलते. तेव्हा तेवढ्या लांबीत गटार समोरच्या कडेला न्यावं, हेही पत्रात हवं. दुसरा धोका चांगल्या मनाच्या माणसांचा. स्वच्छता मोहिमेत मोठे पंप लावून विहीर एका दिवसात कोरडी करतात. आत पाणी असतं तेव्हा ते भिंतीला आतून टेकू देतं. ते झटक्यात काढलं, की भिंतीमागच्या मातीत भरलेलं पाणी भिंतीला विहिरीच्या बाजूला ढकलतं आणि चिरे फुगतात. आमच्याही बारवीत पूर्वेला पोट सुटल्यासारखं दिसतं. ते किती आहे ते कळायला काठावरून ओळंबा सोडा, भिंत आणि दोरी यांतलं अंतर चार ठिकाणी मोजा, तारीख घाला. भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लेप द्या. काम चालू असताना तो तडकला, तर भेग हलतेय हे वाद न घालता दाखवता येतं. कंपन करणारा रोलर तिथं चालवू नये, नुसता वजनाचा चालेल, हे कंत्राटातच लिहून घ्यावं लागतं. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीच्या चालकापर्यंत पोचत नाही.

आणि कागदाचं उरतंच. नकाशावरची रेषा तशीच ठेवून नुसतं «या वेळी पायऱ्या सोडू» असं कुणी म्हणालं, तर ते पुढच्या अभियंत्याला बांधील नाही. पायऱ्यांभोवतीची जागा रेषेतून वगळावी किंवा पदपथाचा भाग म्हणून बारव जपून ठेवावी, हे आराखड्यात उमटवून घ्यायला हवं. महापालिकेच्या वारसायादीत नाव घालण्याची मागणीही करा, पण ती वेगळ्या पत्रात. दोन्ही एकत्र केलं की एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अण्णांना माझी एक गोष्ट पटली नाही. «ताई, पदपथ अरुंद केला की उद्या तिथं टपरी बसते आणि माणसं रस्त्यावर चालतात. मग लोकच म्हणतील, पायऱ्या उडवा.» त्यांचं म्हणणं चूक नाही. त्यांना समोरच्या बाजूनं जास्त जागा घेऊन मधली रेषाच दोन मीटर सरकवायला हवी आहे. पण समोर चार दुकानं आहेत, त्यांतलं एक आमच्याच मावसकाकांचं. फोन तिथंच थोडा गरम झाला.

शेवटी भाऊ म्हणाला, पत्र पुन्हा लिहितो. पहिल्या पानावरचा इतिहास दोन ओळींत आणतो आणि त्याखाली हाताने काढलेला, मापं घातलेला नकाशा जोडतो. संयुक्त मोजणीची मागणी पहिली, गटाराची दुसरी. मी एवढंच म्हटलं की मोजणीच्या दिवशी अण्णांना घेऊन जा, आणि टेप वरच्या पायरीच्या तोंडापासून धर. कठडा मागच्या डागडुजीत बांधलेला सिमेंटचा आहे, त्यापासून मोजलंस तर अर्धा मीटर आपणच देऊन बसू.