चिठ्ठी न निघालेली पुस्तकं

घरातली पुस्तकं वाढली की लोक दोनच गोष्टी करतात. नवं कपाट घेतात, नाहीतर एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळी पुस्तकं जमिनीवर काढून 'आज निकाल लावायचाच' असं ठरवतात. दुसऱ्या प्रकारात संध्याकाळपर्यंत चार पुस्तकं बाजूला पडतात, बाकीची चाळता चाळता वाचली जातात आणि परत कपाटात जातात. साहजिक आहे. पुस्तक हातात घेऊन 'हे ठेवू का?' असं विचारलं की उत्तर 'ठेवू' असंच येणार. म्हणून माझं मत असं, की हा प्रश्न आपल्या मनाला विचारूच नये, कप्प्याला विचारावा.

त्याआधी थोडं मोजमाप. आपण पुस्तकं आकड्यात मोजतो, 'माझ्याकडे हजारभर आहेत' वगैरे. कपाटाला आकडा कळत नाही, त्याला लांबी कळते. आपल्या एखाद्या भरलेल्या कप्प्याची लांबी पट्टीने मोजा आणि तिला पुस्तकांच्या संख्येने भागा. कथा-कादंबऱ्या आणि साधी माहितीपर पुस्तकं मिळून सरासरी जाडी अडीच सेंटीमीटरच्या आसपास निघते. म्हणजे महिन्याला दोन पुस्तकं घरात आली, तर वर्षाला साठ सेंटीमीटर. ऐंशी सेंटीमीटरचा कप्पा धरला तर त्याचा पाऊण भाग दरवर्षी. इतकं कळलं की चित्र स्पष्ट होतं: एकतर वर्षाला जवळजवळ एक नवीन कप्पा हवा, नाहीतर तेवढीच पुस्तकं बाहेर जायला हवीत. तिसरा मार्ग म्हणजे दुहेरी रांग, आणि मागच्या रांगेत गेलेलं पुस्तक घरात असूनही नसल्यासारखंच.

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला शेवटचा असा, की ग्रंथालय ही वाढती, सजीव गोष्ट आहे. हा नियम मोठ्या ग्रंथालयांना लागू असेल, आपल्या दोन कपाटांना कशाला, असं वाटू शकतं. पण वाढीची जागा आधीच सोडून ठेवायची हा त्याचा व्यावहारिक अर्थ घरातच जास्त उपयोगी पडतो. कप्पा तीन चतुर्थांश भरला की तो भरला असं समजायचं. काठोकाठ भरलेल्या कप्प्यात नवं पुस्तक त्याच्या जागी जात नाही, ते आडवं वरती पडतं आणि तिथून सगळी रचना मोडते. शिवाय घट्ट दाबलेलं पुस्तक आपण कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतो, आणि नेमकं तिथेच ते फाटतं. (शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकलून मधलं पुस्तक कण्याच्या मध्यावर धरून काढावं. जागा असेल तरच हे जमतं.) मोकळ्या जागेत पुस्तकं कलंडू नयेत म्हणून शेवटी एक टेकू ठेवायचा, कारण तिरकं उभं राहिलेलं पुस्तक कण्यात पिळलं जातं.

रचनेबद्दल फार लिहीत नाही. घरी ग्रंथालयासारखं प्रत्येक विषयाला क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणाची गरज नसते, आठ-दहा ढोबळ विषय पुरतात. आपल्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं एकत्र असतात, त्यामुळे आधी भाषा की आधी विषय असा पेच पडतो. मी ललित पुस्तकं भाषेनुसार आणि त्यात लेखकाच्या आडनावाने लावते, कारण ती आपण लेखकाच्या नावाने शोधतो. माहितीची पुस्तकं मात्र भाषा न बघता विषयानुसार. पक्ष्यांवरचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी उभं राहिलं तरच त्यातलं कुठलं हवं ते कळतं. कण्याच्या रंगानुसार लावलेली कपाटं फोटोत छान दिसतात, पुस्तकं काढायची वेळ आली की त्यांचा काडीचा उपयोग नाही. एकाच विषयाची पुस्तकं सात ठिकाणी विखुरली, तर तुलना कशाशी करणार?

आता मुख्य गोष्ट. स्टॅन्ली स्लोट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने ग्रंथालयातली पुस्तकं काढण्यासाठी एक साधी कसोटी मांडली. पुस्तक दोन वापरांच्या मध्ये फळीवर किती काळ पडून राहिलं, हे बघायचं. पुस्तक किती जुनं आहे किंवा किती नावाजलेलं आहे यापेक्षा, ते पुढे वापरलं जाईल का याचा अंदाज या पडून राहण्यावरून जास्त चांगला येतो. ग्रंथालयात यासाठी देवघेवीच्या नोंदी असतात, किंवा वापरलेल्या पुस्तकाच्या कण्यावर ठिपका चिकटवतात. घरी नोंदी नसतात, आणि चिकटवलेल्या ठिपक्याचा गोंद मुखपृष्ठ खराब करतो. म्हणून मी उलटं करते. एका कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकात साध्या पातळ कागदाची एक चिठ्ठी घालायची, बोटभर वर दिसेल अशी. कप्प्याच्या कडेला तारीख लिहायची. पुस्तक खरोखर वापरायला काढलं की चिठ्ठी काढून टाकायची. धूळ पुसणं, पाहुण्यांना दाखवणं, फोटो काढणं हा वापर नाही. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर साफसफाईच्या दिवशी कुणीतरी टापटीप म्हणून सगळ्याच चिठ्ठ्या काढून टाकतं. वर्षभराने बघायचं.

आमच्याकडचा विज्ञान, आरोग्य आणि संगणकाचा कप्पा घेऊ. ऐंशी सेंटीमीटर, बत्तीस पुस्तकं, गच्च. वर्षाने अकरा पुस्तकांतल्या चिठ्ठ्या निघालेल्या होत्या. ती राहिली, त्यावर चर्चा नाही. उरली एकवीस.

ही एकवीस लगेच दान करायची, असा याचा अर्थ नाही. चिठ्ठी उमेदवार दाखवते, निकाल देत नाही. काही पुस्तकांना ही कसोटी लागूच होत नाही. एक नकाशासंग्रह, एक परिभाषाकोश आणि एक वनस्पती ओळखायचं पुस्तक होतं. असली पुस्तकं क्वचितच उघडली जातात, पण लागतात तेव्हा तीच लागतात. दोन पुस्तकांच्या समासात घरातल्या आधीच्या पिढीच्या हातच्या टिपा होत्या. ती प्रत दुसरीकडे मिळणार नाही, त्यामुळे तीही ठेवली. चार पुस्तकं न वाचलेली होती. न वाचलेल्या पुस्तकांना मी वेगळी मुदत देते. पुस्तक घरात आलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहायचं. तीन वर्षं उलटली तर एक प्रकरण वाचायचं आणि ठरवायचं. ही चार अजून मुदतीत होती.

राहिली बारा, आणि खरा विचार इथेच करायचा असतो. मी आधी 'चुकीची माहिती देणारी' बाजूला काढते, कारण त्यांची वाट वेगळी असते. त्यात प्रथमोपचाराचं एक जुनं पुस्तक होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी श्वासमार्ग मोकळा करून श्वास द्या, मग छाती दाबा, असा त्यातला क्रम. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2010 साली हा क्रम बदलला आणि छातीवर दाब देणं आधी आणलं. तेव्हा ते पुस्तक कितीही चांगल्या स्थितीत असलं तरी दान करायचं नाही, ते रद्दीतच जायला हवं. मुलांचा एक विज्ञानकोश होता, त्यात ग्रह नऊ. प्लूटो 2006 साली ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. मोठ्या माणसाला याने काही फरक पडत नाही, पण दुसऱ्याच्या मुलाला आपण हे का द्यावं? दोन पुस्तकं आता वापरातच नसलेल्या संगणक-प्रणालींची होती. एकाला कुबट वास होता आणि आतल्या पानांवर बोट फिरवलं तर राखाडी डाग पसरत होता, म्हणजे बुरशी जिवंत होती. असं पुस्तक आधी पिशवीत बंद करायचं, कारण त्याने शेजारची पुस्तकंही बिघडतात. ही पाच रद्दीत गेली.

उरलेल्या सातांची तुलना त्यांच्याच शेजाऱ्यांशी केली. हृदयरोगावर तीन पुस्तकं होती, त्यातलं एक नवं आणि बाकी दोघांमधलं सगळं सांगणारं. त्या दोघांची माहिती चुकीची नव्हती, फक्त आमच्या कप्प्यात ती दुबार झाली होती. एक पुस्तक चुकून दोनदा आलेलं. ही तीन दानाची. बाकी चार मला सोडवेनात. त्यात नवी चिठ्ठी घालून पुन्हा ठेवली. दुसऱ्या वर्षीही चिठ्ठी तशीच राहिली तर मग माझा हट्ट चालणार नाही.

एकूण आठ गेली, चोवीस राहिली, म्हणजे साठ सेंटीमीटर. कप्पा बरोबर तीन चतुर्थांश.

यात दानाची फक्त तीन आहेत हे बघून काहींचा हिरमोड होईल. पण माझा मुद्दा तोच आहे. आपण 'दान' म्हणून जे देतो त्यातलं बरंचसं आपल्याला रद्दीत टाकवत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेलं असतं. जुनी पाठ्यपुस्तकं, मासिकांचे अर्धवट गठ्ठे, पानं सुटलेली पुस्तकं ग्रंथालयाला नको असतात. ती वेगळी काढायला त्यांच्या माणसाचा वेळ जातो. नेण्याआधी नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष आणि स्थिती एवढी यादी पाठवावी आणि त्यांना निवडू द्यावं. देताना अट घालू नये. त्यांनी ते पुस्तक विकलं किंवा पुढे दुसऱ्याला दिलं तरी तो त्यांचा अधिकार. प्रत्येक पुस्तक उलटं धरून पानं हलवायची, म्हणजे आतली बिलं, पत्रं, तपासणीचे कागद बाहेर पडतात. आपला पत्ता किंवा फोन नंबर लिहिला असेल तर तो खोडायचा. आणि पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाचं नाव दिसलं तर ते पुस्तक दानाचं नाही, परत करायचं आहे. अशी निघतातच.

दिलेल्या पुस्तकांची यादी मात्र जपून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी तेच पुस्तक आपण पुन्हा विकत घेतो.

सुरुवात माहितीच्या पुस्तकांपासून करा, कारण तिथे आवृत्तीचं वर्ष आपल्या बाजूने बोलतं. कादंबऱ्यांना एक वर्ष कमी पडतं, निदान तीन द्यावीत. कवितासंग्रहांवर ही चिठ्ठी चालत नाही. सहा वर्षं न उघडलेला संग्रह एका ओळीसाठी रात्री अकराला काढला जातो. कवितांचा कप्पा मी यातून पूर्ण वगळला आहे. याला कुणी पक्षपात म्हणालं तर म्हणो.