दुधातून वात उतरत नाही: अंगावर पिणाऱ्या बाळाचं संध्याकाळचं रडणं

«अंगावर पिणारं बाळ रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं, म्हणजे आईच्या खाण्यातला वात दुधात उतरला. वांगी, उडीद, हरभरा, केळी, मिरची ताबडतोब बंद करा. प्रत्येक वेळी पाजल्यावर ढेकर निघेपर्यंत थोपटत राहा. घुटी आणि पोटदुखीचे थेंब द्या. सव्वा महिन्यात थांबतं, डॉक्टरकडे पळायची गरज नाही. सगळ्या बाळंतिणींना पाठवा.»

हा मजकूर जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक बाळंतिणींच्या फोनवर कधी ना कधी येतो. मी नर्स आहे आणि बाळंतिणींना पाजायला शिकवणं हेच माझं काम आहे. त्यामुळे या मजकुराचा परिणाम खाटेवर बसलेल्या बाईच्या ताटात दिसतो.

खाण्यापासून सुरू करते. आईचं दूध तिच्या पोटातल्या अन्नातून थेट येत नाही, ते तिच्या रक्तातून तयार होतं. उडीद-हरभऱ्याने आईला गॅस होतो, कारण त्यातला न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो आंबवतात. तो भागही रक्तात जात नाही आणि तो वायूही दुधात येत नाही. म्हणून कळण्याच्या भाकरीतल्या उडदाने आईचं पोट गुडगुडलं, तरी बाळाच्या पोटात त्यातलं काही पोहोचत नाही. भरिताचंही तेच, आणि केळी थंड म्हणून बाळाला बाधते हे तर त्याहून निराधार. लसणाचा वास दुधाला थोडा लागतो, पण बाळं त्याने आजारी पडत नाहीत. उलट भात-तुपावर ठेवलेली आई अशक्त होते, तिचं पोट साफ होत नाही, आणि बाळ रडलं की आपण चोरून काय खाल्लं हे ती आठवत बसते. याचा मला खरोखर राग येतो.

एक अपवाद मात्र आहे. आईने घेतलेल्या गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिनं अगदी थोड्या प्रमाणात तिच्या दुधात येतात, आणि काही थोड्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. अशा बाळाचं लक्षण नुसतं रडणं नसतं. शीमध्ये रक्ताचे धागे किंवा चिकट आव दिसते, अंगावर खरबरीत चट्टे उठतात, उलट्या होतात किंवा वजन अडतं. तिथे डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईच्या खाण्यातलं दूध, दही, चहातलं दूध, पनीर दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून बघतात आणि मग पुन्हा सुरू करून खात्री करतात. दिवसाला पाच-सहा कप चहा होत असेल तर तो कमी करावा, कॅफिनने काही बाळं चिडचिडी होतात. बाकी घरचं सगळं खावं.

मग बाळाच्या पोटात हवा येते कुठून? बरीचशी तोंडातून. रडताना बाळ हवा गिळतं, आणि स्तन तोंडात नीट धरलेला नसेल तर पितानाही गिळतं. म्हणजे पोट फुगलेलं दिसतं ते पुष्कळदा रडण्यामुळे असतं.

अमळनेर तालुक्यातली एक बाळंतीण पाच आठवड्यांचं बाळ घेऊन आली होती. आजी सांगत होती, «दिन बुडना का रडाले लागस.» आईने डाळी आणि भाजी कधीच सोडली होती, रडणं तसंच होतं. बाळाचं जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम, त्या दिवशी ४ किलो ५००. म्हणजे जन्मापासून दिवसाला सरासरी ४५ ग्रॅम. या वयात २५ ते ३० ग्रॅम पुरेसे असतात, तेव्हा हे बाळ उपाशी नव्हतं, दूध जास्तच होत होतं. दिवसाला सात-आठदा शू, ताप नाही, उलटी नाही. शी मात्र हिरवट, फेसाळ आणि जोरात होणारी.

मी तिला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. ती मांडी घालून बसली, बाळ मांडीवर आडवं, आणि ती स्वतः वाकून स्तन त्याच्या तोंडाकडे नेत होती. बाळाचं पोट छताकडे आणि मान आईकडे वळलेली. मान वळवून पाणी पिऊन बघा, घोट अडतो. तोंड अर्धवट उघडं होतं, फक्त बोंड आत गेलं होतं, आणि चोखताना टक-टक आवाज येत होता. तो आवाज जीभ सुटल्याचा, आणि ती सुटली की हवा आत जाते. मिनिटभरात पान्हा फुटला, बाळ ठसकलं, तोंड सोडून रडलं. पाच मिनिटांनी आईने बाजू बदलली, कारण दोन्ही बाजू सारख्या पाजायच्या असं तिला कोणी सांगितलं होतं.

सुरुवातीचं दूध पातळ असतं, जसजसा स्तन रिकामा होतो तशी त्यात साय वाढते. दूध जास्त असलेल्या आईने लवकर बाजू बदलली की बाळाला दोन्हीकडचं पातळ दूध भरपूर मिळतं. ते पोटातून पटकन पुढे सरकतं, त्यातली साखर लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. हिरवी फेसाळ शी बहुधा त्याचीच.

आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. पहिली, बसणं. आई भिंतीला उशी लावून मागे रेलली आणि बाळ तिच्या छातीवर पोटाला पोट लावून, थोडं तिरपं घेतलं. असं घेतलं की पान्ह्याचा जोर बाळाच्या घशावर थेट येत नाही. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. बाळाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की त्याला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. पकड बरोबर असली की हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर उलटतो, गाल फुगीर राहतात आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. टक-टक थांबते, गिळल्याचा हलका आवाज येतो. आईला दुखत असेल तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं.

दुसरी गोष्ट, बाळ स्वतः सोडेपर्यंत एकच बाजू, मग हवी असेल तर दुसरी. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात. दूध फारच जास्त असेल तर दोन-तीन तासांत जितक्यांदा पाजू तितक्यांदा एकच बाजू देतात, पण त्याने दूध कमी होतं. वजन कमी वाढणाऱ्या बाळाच्या आईने हे करू नये, आणि जास्त वाढत असलं तरी कोणाच्या देखरेखीखालीच करावं.

आठवड्याभरात ठसकणं थांबलं आणि शी पिवळी झाली. संध्याकाळचं रडणं कमी झालं, पण संपलं नाही, आणि ते संपेल असं मी सांगितलंही नव्हतं. बाळ धडधाकट, वजन वाढतंय आणि तरी तासन्‌तास रडतं, त्याला कॉलिक म्हणतात. ते अंगावरच्या आणि वरच्या, दोन्ही दुधावरच्या बाळांना होतं आणि त्याचं एक पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाला छाती मागत असेल तर द्यावी, त्यावरून दूध कमी पडतं असं समजू नये.

ढेकराचं म्हणाल तर चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर याची तपासणी झाली आहे. काहींना पाजल्यावर ढेकर काढायला शिकवलं, काहींना नाही. ढेकर काढल्याने कॉलिक कमी झालं नाही, दूध टाकणं मात्र वाढलं. म्हणून ढेकर काढूच नये असं मी म्हणत नाही. बाळ पिताना मध्येच तोंड सोडून पाठ ताणत असेल, तर हवा वर यायला वाट द्यावी. छातीशी उभं धरा, हनुवटी खांद्यावर, किंवा मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवा, तळहात छातीखाली, बोटांनी जबड्याला आधार. गळ्यावर दाब नको. पाठीवरून खालून वर हात फिरवा. ढेकर थापटण्याच्या जोराने निघत नाही, बाळ उभं असल्याने निघतो. तीन-चार मिनिटांत नाही आला, तर येण्यासारखा नव्हता. झोपलेल्या बाळाला त्यासाठी उठवू नका, पाठीवर निजवा.

घुटी आणि थेंबांबद्दल थोडक्यात. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. उगाळलेल्या घुटीत किती काय उतरलं हे कोणालाच मोजता येत नाही, जायफळाने बाळ शांत वाटतं ते गुंगीने. सिमेथिकोनच्या थेंबांनी फारसा अपाय नाही, पण तपासण्यांत ते नुसत्या गोड पाण्याहून सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमिन असलेलं औषध मात्र सहा महिन्यांच्या आत देऊच नये, श्वास अडखळल्याची उदाहरणं आहेत. दुकानातून आणलेल्या बाटलीवर हे नाव आहे का ते वाचा. शेगडीची धुरी बाळाला देऊ नका. आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात टोपडं-दुपटं घातलेलं बाळ संध्याकाळी रडलं, तर आधी कपडे सैल करा आणि छातीला लावा. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही.

सव्वा महिन्याचा हिशेब उलटा आहे. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे सव्वा महिना संपतो तेव्हा ते ऐन भरात येतं, घरात घबराट होते आणि नवे उपाय सुरू होतात. मग ओसरताना जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. त्या भरात आईचा तोल सुटेल असं वाटलं, तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून पाच-दहा मिनिटं बाजूला जावं. गदागदा हलवलं तर बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

डॉक्टरची गरज नाही, हे वाक्य सगळ्यात घातक आहे. कॉलिकचं बाळ दोन रडण्यांच्या मध्ये नीट पितं, बघतं, शू करतं. तसं नसेल तर ते कॉलिक समजू नका. हिरव्या शीने घाबरायचं कारण नाही, पण गडद हिरवी उलटी म्हणजे आतडं अडकलेलं असू शकतं, तेव्हा मिनिटं मोजायची. प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, फुगून कडक झालेलं पोट, जांघेत घट्ट गाठ, फुगलेली टाळू, फिट, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती न धरणं, लुळं पडणं, दिवसाला सहाहून कमी शू, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. रडणारं बाळ पूर्ण उघडं करून बघा, कधीकधी पायाच्या बोटाला आईचा केस गुंडाळला जाऊन बोट सुजलेलं असतं आणि मोज्यात ते दिसत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त भरलं, तर कपडे सैल करून १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर निघा, आणि बाळ सुस्त असेल तर दुसऱ्यांदा मोजत थांबू नका.

आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडे काटा आणि थर्मामीटर असतो. प्रत्येक भेटीत वजन करून मागा आणि आकडा लिहून ठेवा. रडणारं बाळ डॉक्टरांकडे नेलं की ते पहिल्यांदा हाच आकडा विचारतात. गडद हिरवी उलटी, फिट किंवा श्वासाचा त्रास असेल तर बसची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.