डीपीतला ‘भ’ की ‘म’?

आमच्या नौपाड्यातल्या एका बेकरीचा नवा लोगो परवा पाहिला. दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या, मध्ये नाव, भोवती गोलात लहान अक्षरांत पत्ता. पाटीवर आणि केकच्या बॉक्सवर तो खरंच देखणा दिसतो. पण तोच लोगो जसाच्या तसा डीपी म्हणून लावलाय, आणि तिथे तो वाचता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेकरीवाले काका म्हणाले, “मला तर नीट दिसतंय.” दिसणारच, त्यांना नाव पाठ आहे! माहीत असलेलं नाव डोळा स्वतःच पुरं करतो. म्हणून लोगो वाचता येतो की नाही हे मालकाने किंवा डिझायनरने ठरवू नये. मी कमेंटमधला डीपी फोनवर, झूम न करता, वाशीच्या मामेबहिणीला दाखवला. बेकरीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. नाव ‘भ’ने सुरू होतं, तिने ‘म’ वाचलं.

हे का होतं ते बघा. ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीमुळे. मूळ लोगो 1000 पिक्सेलचा आणि त्यात ही फट 20 पिक्सेलची. कमेंटमधला डीपी साधारण 40 पिक्सेलचा धरला, तर सगळं पंचविसाव्या हिश्श्यावर येतं आणि फट उरते 0.8 पिक्सेल. एका पिक्सेलपेक्षा बारीक गोष्ट स्वतंत्र दिसत नाही, शेजारच्या रंगात मिसळून करडी होते. चांगल्या फोनचा स्क्रीन दाट असतो, त्यामुळे तिथे फटीला दोन-तीन ठिपके मिळतात हे खरं. पण अख्खा डीपीच जेमतेम सहा मिलिमीटरचा, म्हणजे फट केसाच्या जाडीइतकी. हातभर अंतरावरून ती बुजतेच. गोलातल्या पत्त्याबद्दल तर बोलायलाच नको.

लोगोच बदला असं मी म्हणत नाही. डीपीच्या शेजारी ॲप नाव छापतंच, मग डीपीत पूर्ण नाव हवंच कशाला? एकटा ‘भ’ पुरे. मात्र तो लोगोतून कापून मोठा करून चालणार नाही, डीपीसाठी वेगळा काढायला हवा. रेषा जाड, गाठीच्या आतली जागा मोकळी, आणि फट निदान रेषेच्या जाडीएवढी. शिवाय डीपी गोल कापला जातो, तेव्हा अक्षर मधल्या सत्तर टक्के रुंदी-उंचीत बसवा, नाहीतर शिरोरेषेची टोकं जातात.

रंगावरून आमचं अजून जुळलेलं नाही. काकांना खारीसारखा सोनेरी रंग हवाय आणि त्यावर तपकिरी अक्षर. मी त्या रंगांतला डीपी ब्लॅक अँड व्हाइट करून दाखवला, तर अक्षर आणि पार्श्वभूमी जवळजवळ एकाच करड्या छटेत गेली. सोनेरी ठेवा, पण मग अक्षर पार गडद, जवळजवळ काळं घ्या, एवढाच माझा आग्रह आहे.