गोळीने शांत झाला म्हणजे एडीएचडीच का?

“सगळ्या पालकांना विनंती. एडीएचडी म्हणा नाहीतर ते एफएएसडी म्हणा, एकच आहे. आई प्यायली असेल तर मुलाच्या चेहऱ्यावर दिसतंच. चेहरा नॉर्मल असेल तर विषय संपला. शाळेचा फॉर्म भरा, गोळी सुरू करा. गोळीने शांत झाला तर एडीएचडीच.”

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून हा मेसेज माझ्याकडे तीनदा आला. मी ठाण्यात मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते, म्हणून उत्तर देते आहे. एडीएचडी म्हणजे लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार; एफएएसडी म्हणजे आईच्या पोटात असताना दारूच्या संपर्काने मेंदूला झालेली इजा आणि तिचे परिणाम.

आधी चेहरा. गर्भावस्थेतल्या दारूने चेहऱ्यात होणारे ठरावीक बदल तीन: डोळ्यांची फट आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट आणि वरचा ओठ पातळ. डोळ्याची फट मिलिमीटरमध्ये मोजतात. ओठ आणि पन्हळ एक ते पाच क्रमांकांच्या फोटोंशी ताडून बघतात, तेही मूल हसत नसताना, कारण हसलं की कुणाचाही ओठ पातळ दिसतो. पण चेहऱ्याची ही घडण गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात ठरते. तेव्हा अनेकींना दिवस गेलेत हे माहीतही नसतं. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत असतो. त्या छोट्या खिडकीबाहेर दारू पोटात गेली, तर चेहरा साफ राहतो आणि मेंदूला मात्र इजा होऊ शकते. एफएएसडी असलेल्या बहुतेक मुलांचा चेहरा असाच, चारचौघांसारखा असतो.

आता मुख्य मुद्दा, तपासणीचा. एडीएचडीसाठी आम्ही वागणूक बघतो: लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान सहा लक्षणं, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसणारी. शाळेचा फॉर्म, म्हणजे मुलाच्या वागण्याबद्दलची प्रश्नावली, मुख्यतः तेवढंच विचारतो. एफएएसडीच्या २०१६च्या कॅनेडियन निकषांत मेंदूच्या कामाची दहा क्षेत्रं तपासावी लागतात आणि लक्ष हे त्यातलं फक्त एक. किमान तीन क्षेत्रांत गंभीर कमतरता हवी. म्हणजे शंभर सरासरी असलेल्या चाचणीत गुण सत्तरच्या आसपास किंवा खाली.

कोलशेतचा एक चौथीतला मुलगा घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दीड वर्षाचा असताना दत्तक घेतलेला. शाळेचा फॉर्म भरला आणि एडीएचडीचे निकष सहज पूर्ण झाले. बुद्ध्यांक ८८, म्हणून घरच्यांना वाटायचं की हा जमत असूनही मुद्दाम करत नाही. पंधरा शब्दांची यादी त्याला पाच वेळा वाचून दाखवली. पहिल्यांदा चार शब्द आठवले, पाचव्यांदा सात. अर्ध्या तासाने सहा. जे आत गेलं ते बरंचसं टिकलं. मुळात आतच कमी गेलं. निव्वळ एडीएचडीच्या मुलाचं पहिलं वाचन हुकतं, पण पुनरावृत्तीने तो बऱ्याचदा वर चढतो. याची स्मृती सत्तरच्या खाली निघाली, गणित ६८. रोजच्या व्यवहाराचे गुण ६४: पन्नासची नोट देऊन वीसचा पुडा घेतला, तर किती परत यायला हवेत ते त्याला कळेना आणि कुणीही सांगितलं की तो खिशातले पैसे काढून द्यायचा. स्मृती, शिक्षण, व्यवहार. तीन क्षेत्रं झाली, लक्ष अजून मोजलंच नाही.

तरी एवढ्यावर निदान होत नाही. चेहरा साधा असेल, तर दारूच्या संपर्काची खात्रीची नोंद लागते. दत्तकाच्या फाइलमधल्या बाल अभ्यास अहवालात जन्मदात्रीच्या नियमित पिण्याचा उल्लेख होता आणि संस्थेने तो तारखांसह पक्का करून दिला. ही ओळ आईबाबांनी वाचली होती, पण ती कशाशी जोडायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ऐकू येणं आणि जनुकीय कारणं डॉक्टरांनी वेगळी तपासली. संस्थेत गेलेल्या दीड वर्षाचाही वाटा असू शकतो. तो चाचण्यांतून वेगळा काढता येत नाही आणि अहवालात तसं लिहिलं. शेवटी दोन्ही निदानं लागली: चेहऱ्याच्या खुणांविना एफएएसडी आणि एडीएचडी. एफएएसडीच्या जवळजवळ निम्म्या मुलांत एडीएचडीही असतोच, त्यामुळे ‘हे की ते’ हा प्रश्नच अनेकदा चुकीचा असतो.

(सख्ख्या आईला दारूबद्दल विचारताना ‘तुम्ही पीत होता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येतं. ‘दिवस गेल्याचं कळायच्या आधीचे महिने कसे होते, लग्न-समारंभ, पार्ट्या?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं.)

राहिली गोळी, म्हणजे मिथाइलफेनिडेट. ती एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष वाढवू शकते, म्हणून गुण येणं हा पुरावा नव्हे. एफएएसडीत तिचा परिणाम मुलागणिक बदलतो. या मुलाची बाकावरची चुळबुळ थांबली, बाईंची तक्रार बंद झाली. पन्नासच्या नोटेचे किती परत येणार, हे मात्र त्याला अजूनही सांगावं लागतं. आता ते रोज खरी नाणी हातात देऊन, एका वेळी एकच सूचना सांगून शिकवतात.