आठव्या-नवव्या महिन्यातलं डोकं दुखणं, आणि "सकाळी बघू"

गरोदरपणात डोकं दुखलं की घरात कारणं तयार असतात. ऊन लागलं, पित्त झालं, झोप झाली नाही, मोबाइल फार बघतेस. बऱ्याचदा ती खरीही असतात. पण विसाव्या आठवड्यानंतर, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, डोकं जोरात ठणकतंय, चेहरा-हात सुजलेत आणि समोरचं अंधुक दिसतंय, असं एकत्र आलं तर ही कारणं बाजूला ठेवून आधी बीपी मोजायचं. हा प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून अवयवांवर परिणाम करणारा आजार, असू शकतो आणि माझ्या मते यात सगळ्यात महाग पडणारे शब्द म्हणजे "सकाळी बघू".

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कासारवडवलीतली पहिलटकरीण, पस्तिसावा आठवडा. मागच्या तपासणीला बीपी 116/74, सगळं छान. चार दिवसांपासून अंगठी निघत नाही आणि सकाळी पापण्या फुगलेल्या असतात. रात्री साडेदहाला ती म्हणते, "आई, डोकं फुटतंय. टीव्हीवरची अक्षरं नीट दिसत नाहीयेत, मधूनच काजवे चमकतात." सासूबाई बाम चोळतात. नवरा म्हणतो, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने डोकं थोडं हलकं होतं आणि सगळे झोपायच्या तयारीला लागतात.

गोळीने बरं वाटलं म्हणून धोका टळला, असं इथे होत नाही. गोळीने दुखणं दबतं, बीपी आहे तिथेच राहतं. (ब्रुफेन, डायक्लोफिनॅक तर शेवटच्या महिन्यांत मनाने घ्यायचंच नाही.)

या आजाराचं मूळ वारेत असतं. गर्भधारणेच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेला पुरेसं रक्त देण्यासाठी रुंदावतात. ते नीट झालं नाही, तर पुढे वारेतून असे घटक आईच्या रक्तात उतरतात की तिच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मग वाहिन्या आवळतात आणि झिरपायलाही लागतात. झिरपल्याने सूज येते. मूत्रपिंडावर परिणाम झाला की लघवीतून प्रथिनं जातात, यकृतावर झाला की उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात दुखतं, आणि तेच नेमकं पित्त म्हणून खपून जातं. मेंदूवर परिणाम झाला की डोकं दुखतं, दिसायला अंधुक होतं. म्हणजे ही डोकेदुखी मेंदूपर्यंत गोष्ट पोहोचल्याची खूण असू शकते. पुढची पायरी झटका, म्हणजे फिट येणं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव.

सुजेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. संध्याकाळी पाय सुजणं शेवटच्या महिन्यांत नेहमीचंच. चेहरा, पापण्या, हातांची बोटं अचानक सुजणं, आठवड्याभरात वजन एकदम वाढणं, हे वेगळं. पण सूज नाही म्हणून आजार नाही असंही नसतं. आणि जेवणातलं मीठ बंद करून किंवा लघवी होण्याच्या गोळ्या मनाने घेऊन हा आजार आटोक्यात येत नाही.

आता त्या घरात काय व्हायला हवं? शेजारी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर, मोजताना बोलणं नाही. पट्टा दंडाला तोकडा असेल तर आकडा उगाच जास्त येतो. 140/90 किंवा त्यावर आलं तर ही लक्षणं असताना लगेच निघायचं. 160/110 किंवा त्यावर असेल तर ती थेट आणीबाणी. त्यातला कुठलाही एक आकडा ओलांडला तरी पुरे. मशीन नसेल तर शोधत बसू नका, निघा. आकडा कमी आला पण डोकं आणि डोळे तसेच असतील, तरीही निघा. घरचं मशीन चुकू शकतं.

आपल्या उदाहरणात आकडा आला 168/112. इथे फोनवर एवढंच बोलायचं: "पस्तीस आठवडे, बीपी 168 वर 112, डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय, आम्ही निघालोय." आणि विचारायचं: रात्री सिझर होतं का? झटका टाळायचं मॅगसल्फ इंजेक्शन आहे का? नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि रक्ताची सोय आहे का? जिथे नाव नोंदवलंय ते छोटं प्रसूतिगृह असेल तर तिथे हे सगळं असेलच असं नाही. मग ठाण्यात कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, अशा मोठ्या ठिकाणांचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. रात्री घोडबंदर रोडवर अवजड वाहनं सुटली की अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नसतो. 108 ला फोन करा, फाइल हातात घ्या. तिला एकटीला रिक्षात बसवू नका.

वाटेत किंवा घरीच झटका आला तर डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या कठीण वस्तू सरकवा, वेळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल हुंगवणं तर नाहीच.

रुग्णालयात दोन गोष्टी भराभर होतात. इतकं बीपी पंधरा मिनिटांनीही तसंच असेल तर तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, लॅबेटालॉलचं इंजेक्शन किंवा निफेडिपिनची गोळी देऊन ते उतरवायला घेतात. एकदम नॉर्मलवर आणत नाहीत, कारण बाळाचा रक्तपुरवठा त्यावरच असतो. दुसरं, झटका टाळायला मॅगसल्फ: आपल्याकडच्या रूढ पद्धतीत 4 ग्रॅम शिरेतून हळूहळू आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम. अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, घाबरू नका. पुढच्या डोसआधी गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास आणि लघवी तपासतात. जास्त झालंच तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा तयार असतो. माझं ठाम मत आहे की मोठ्या रुग्णालयात पाठवणाऱ्या छोट्या प्रसूतिगृहाने मॅगसल्फचा पहिला डोस देऊनच पाठवावं. रस्त्यातला वेळ कुणाच्याच हातात नसतो.

सोबत प्लेटलेट, यकृत, क्रिएटिनिन आणि लघवी तपासतात. लघवीत प्रथिनं नसली तरी प्री-एक्लॅम्पसिया असू शकतो. आणि हा आजार सुटतो तो वार बाहेर आल्यावरच. चौतीस आठवड्यांपुढे, अशा गंभीर लक्षणांत, स्थिर करून प्रसूती करतात. सिझरच लागेल असं नाही. त्याआधी असेल तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन, आईची तब्येत परवानगी देईल तेवढंच थांबतात.

वार पडली तरी पहारा लगेच उठवायचा नाही. बीपी बऱ्याचदा प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे बाळंतीण घरी आल्यावर, सर्वांत जास्त चढतं. तेव्हा डोकं दुखलं की "पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना" म्हणून सोडून देतात. त्या इंजेक्शनची डोकेदुखी बसल्या-उभ्याने वाढते आणि आडवं झाल्यावर उतरते. आडवं होऊनही ठणकत राहिलं, डोळ्यांसमोर काजवे आले, तर सव्वा महिना पूर्ण होईपर्यंत कधीही, पुन्हा तेच: बीपी मोजा आणि निघा, आणि दारातच सांगा की बाळंतपण नुकतंच झालंय.